सतरा की अठरा जून? एका तारखेच्या निमित्ताने स्रोत कसा पारखायचा

प्रश्न: काका, मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातच राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाला राणी लक्ष्मीबाईंचे ग्वाल्हेरातले शेवटचे दिवस हा विषय घेतलाय. एका पुस्तकात मृत्यूची तारीख १७ जून १८५८ आहे, दुसऱ्यात १८ जून. आजोबांच्या कपाटात गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ आहे, त्यात सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे असं ते म्हणतात. मॅडम म्हणतात, स्रोताचा लेखक, हेतू, वाचक आणि काळ बघ, मग ठरव. पण ते बघायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर:

आजोबांचं पुस्तक खाली काढ, तिथूनच सुरुवात करू. आधी एक सवय मोडून टाक. ‘हे पुस्तक विश्वसनीय आहे का?’ या प्रश्नाला कधीच धड उत्तर मिळत नाही. एकाच पुस्तकात एक वाक्य सोन्यासारखं असतं आणि पुढच्याच ओळीत बाजारगप्पा असतात. म्हणून प्रश्न वाक्याला विचारायचा: हे वाक्य कुणाच्या भरवशावर उभं आहे?

मी चाळीसेक वर्षं जुने कागद वाचतोय, मोडीतले आणि छापील दोन्ही. माझी पद्धत फार साधी आहे. पेन्सिल घेऊन समासात एक अक्षर लिहायचं. लेखकानं स्वतः पाहिलेलं असेल तर ‘प’, ऐकलेलं असेल तर ‘ऐ’, आणि त्याचा स्वतःचा अंदाज असेल तर ‘क’, म्हणजे कयास. पुस्तक आजोबांचं आहे तेव्हा फोटोप्रतीवर लिही, नाहीतर मला बोल लागेल.

आता गोडसे भटजी. लेखक कोण, याचं उत्तर नुसतं नाव-गाव देऊन संपत नाही. तो माणूस कुठे उभा होता आणि त्याला कशातलं कळत होतं, हे त्यात आलं पाहिजे. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे, भिक्षुकी करणारे. घरात कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळलं म्हणून १८५७ साली ते उत्तरेला निघाले. बायजाबाई आपल्या ग्वाल्हेरच्याच, दौलतराव शिंद्यांच्या राणी. वाटेत बंड सुरू झालं आणि फिरत फिरत भटजी झाशीला पोचले. १८५८ च्या मार्च-एप्रिलात इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला, शहर घेतलं आणि लुटलं, तेव्हा ते आत होते.

या माणसाला दक्षिणा, यज्ञाची तयारी, जेवणावळी, देवपूजा, वस्त्रं, दागिने यांतलं बारीक कळतं. रकमा तर त्यांना हमखास आठवतात, कारण त्यासाठीच ते घरातून निघालेले. झाशीच्या लुटीत आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य, हे ते सांगतात तिथे मी बिनधास्त ‘प’ लिहितो. घरात लपून बसलेल्या गरीब माणसाला दुसरं दिसणार तरी काय? तोफा किती, फौज किती, कोणत्या साहेबानं काय बेत केला, हे सांगायला लागले की माझी पेन्सिल ‘ऐ’कडे वळते. भटजी खोटं बोलताहेत असं मी म्हणत नाही. ती माहिती त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ताच चव्हाट्यावरून जातो.

उदाहरण बघ. बंड का होणार, याचं कारण म्हणून त्यांना वाटेत शिपायांकडून कळलेलं ते चौऱ्याऐंशी कलमांचं प्रकरण: सरकारनं हिंदू-मुसलमानांचा धर्म बुडवायला चौऱ्याऐंशी कलमं काढली वगैरे. अशी कलमं सरकारनं काढलेली नव्हती. म्हणून ती पानं फाडून टाकायची का? मुळीच नाही. ‘सरकारनं कलमं काढली’ या दाव्याला ती पानं कुचकामी आहेत. ‘शिपायांच्या तोंडी त्या वेळी काय चाललं होतं’ या प्रश्नाला मात्र त्याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही. स्रोत एकच, पण प्रश्न बदलला की त्याची किंमत बदलते.

आता तुझ्या कामाचं. १७-१८ जूनला भटजी ग्वाल्हेरच्या रणावर नव्हते. राणीशी त्यांची गाठ त्याआधी काल्पीच्या वाटेवर पडली होती, विहिरीपाशी. तो प्रसंग ते पाहिलेला म्हणून सांगतात: पुरुषी पोशाखातली, धुळीनं भरलेली, तहानलेली राणी, आणि ब्राह्मणाला पाणी ओढू न देता स्वतः ओढणारी. तिथे ‘प’. पण ग्वाल्हेरातला शेवट त्यांना कुणीतरी सांगितलेला आहे, तिथे ‘ऐ’. म्हणजे आजोबा म्हणतात ते झाशीपुरतं बरोबर आहे, ग्वाल्हेरपुरतं नाही. तुझ्या प्रकल्पाचा विषय नेमका ग्वाल्हेर आहे, हीच त्यातली मेख.

काळाकडे येऊ. मुलांना वाटतं तारीख म्हणजे पहिल्या पानावरचं साल. या पुस्तकाला निदान चार तारखा आहेत. घटना १८५७-५८ च्या. भटजींनी लिहून काढलं १८८३ च्या सुमारास, म्हणजे मधे पंचवीस वर्षं गेली. छापून आलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. आणि भटजींच्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादलेली प्रत निघाली १९६६ मध्ये. आजोबांची प्रत कोणत्या वंशातली आहे, हे पहिलं बघ. मुखपृष्ठावर नाव तेच असतं, आत मजकूर वेगळा असू शकतो.

पंचवीस वर्षांत आठवणीचं काय होतं? वास, चव, भीती, हातात पडलेले रुपये, एखाद्या माणसाचा चेहरा हे टिकतं. तिथी, आकडे आणि घटनांचा क्रम घसरतो. सगळ्यात जास्त घसरतात ती भाषणं. विहिरीपाशी राणीच्या तोंडी जे बोलणं आहे त्याचा आशय तसाच असेल, पण शब्द १८८३ च्या वयस्क भटजींचे आहेत, १८५८ च्या राणीचे नाहीत. म्हणून ‘राणी म्हणाली’ असं अवतरणचिन्हांत घालू नकोस. ‘गोडसे सांगतात की राणी म्हणाली’ असं लिही. तीन शब्द वाढतात, पण जबाबदारी योग्य माणसाच्या डोक्यावर राहते.

हेतू आणि वाचक हे दोन प्रश्न मी वेगळे काढत नाही, ते जोडीनंच येतात. भटजी कुणासाठी लिहीत होते? वैद्यांनी सांगितलं म्हणून. वैद्य शिकलेले, इतिहासाची आवड असलेले, पुढे आपल्या ग्वाल्हेर संस्थानातच न्यायखात्यात होते. समोर असा वाचक असला की सांगणारा थोडा रंगून सांगतो, हे आपल्या घरच्या म्हाताऱ्यांवरूनही कळतं. दुसरीकडे राज्य इंग्रजांचं होतं आणि विषय बंडाचा. म्हणजे रंगवायचा मोह आणि बोलायची भीती, दोन्ही एकाच लेखणीत. पुढे १९०७ ला बंडाची पन्नास वर्षं होत होती, छापखान्यांवर सरकारची नजर होती, आणि वैद्यांनी मजकुरात काटछाट नि फेरफार केले. आता तू जे वाक्य वाचतेस ते भटजींनी वैद्यांसाठी लिहिलेलं, की वैद्यांनी १९०७ च्या वाचकासाठी घडवलेलं?

यावर मी एकदा चांगला तोंडघशी पडलोय. तरुणपणी एका सभेत निबंध वाचला. गोडशांचं एक वाक्य उद्धृत करून त्यांची भाषा किती जपून, किती तोलून आहे यावर दीड पान लिहिलं होतं. निबंध संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ शांतपणे उठले आणि म्हणाले, ‘ही तोलून लिहिलेली भाषा संपादकांची आहे. मुळात वाक्य असं नाही.’ माझ्याकडची प्रत जुन्या छापील मजकुरावरची होती आणि मी ते बघितलंच नव्हतं. दीड पान गेलं. त्या दिवसापासून मी पुस्तक हातात घेतलं की आधी प्रस्तावना आणि प्रकाशनाचं पान वाचतो.

तर गोडसे भटजींकडून तारीख ठरत नाही. मग कुणाकडून?

इंग्रजांच्या बाजूचे कागद घे. यांतला एक कागद मला फार आवडतो, कारण त्याला राणीशी काही देणंघेणंच नाही. जानेवारी १८५९ च्या लंडन गॅझेटमधली व्हिक्टोरिया क्रॉसची नोंद. आठव्या हुसार्स या घोडदळाच्या चौघांना पदक दिलं, ते १७ जून १८५८ ला ग्वाल्हेरात केलेल्या धाव्याबद्दल. आता चारही प्रश्न याला लाव. लेखक सरकारी खातं. हेतू पदक जाहीर करण्याचा, म्हणून शौर्याचं वर्णन फुगवलेलं असणार, तिथे मी हात आखडता घेतो. पण तारखेत खोटं बोलून कुणाचा काय फायदा? वाचक लष्करातलेच, ज्यांच्यापैकी कितीतरी त्या दिवशी मैदानावर होते. तारीख चुकली तर लगेच कुणीतरी बोट दाखवलं असतं. आणि लिखाण घटनेनंतर सात-आठ महिन्यांच्या आतलं. म्हणजे ‘धावा १७ जूनला झाला’ हे पक्कं धर. जी गोष्ट सांगण्यासाठी कागद लिहिलेलाच नाही, ती त्यात सहज आलेली असेल, तर ती बहुधा खरी असते.

पण त्या नोंदीत राणीचं नावही नाही. म्हणजे तिच्यावरून ‘राणी १७ ला गेली’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी ‘राणी याच धाव्यात जखमी झाली’ हा दुवा दुसरीकडून आणावा लागतो. इंग्रजी वृत्तांत तो दुवा देतात आणि १७ तारीख सांगतात. पण सांगणारा कुठे उभा होता, ते बघ. कोटा की सराईची १७ तारखेची लढाई ब्रिगेडियर स्मिथनं केली. मुख्य सेनापती ह्यू रोज त्या दिवशी मुरारला होता. मुरार त्यानं आदल्याच दिवशी, १६ ला घेतलेलं. कोटा की सराई आणि मुरार यांत काही मैलांचं अंतर. तुला नकाशा काढून दाखवायला नको. म्हणजे राणी पडताना रोजनं पाहिलेलं नाही. पुढे त्यानं एका पत्रात लिहिलं की किल्ल्याच्या खडकाखाली चिंचेच्या झाडापाशी तिची राख आणि अस्थी आपण पाहिल्या. याच माणसाच्या लिखाणात राख-अस्थींना ‘प’, आणि ती कशी, कधी, कुणाच्या हातून पडली याला ‘ऐ’. एकाच पत्रात दोन्ही अक्षरं येऊ शकतात, हे नीट लक्षात घे. त्यातून राणीचं शव इंग्रजांच्या हाती लागलं नाही, तिच्या माणसांनी आधीच अग्नी दिला. त्यामुळे शेवटचा श्वास केव्हा गेला हे कळण्याची इंग्रजांना सोयच नव्हती. त्यांना लढाईचा दिवस ठाऊक होता आणि मृत्यू त्यांनी त्याच दिवसात धरला.

आता आपल्या गावाची परंपरा. जखमी राणीला गंगादासांच्या शाळेत, म्हणजे साधूंच्या मठात आणलं, तोंडात गंगाजल घातलं, तिथेच दहन केलं, साधू इंग्रजांशी लढून पडले. फूलबागेतल्या समाधीवर दरवर्षी १८ जूनला फुलं वाहतात, हे तू लहानपणापासून बघतेस. ही परंपरा सांगणारे कोण? ते स्थान सांभाळणारे आणि आपण गावकरी. हेतू आपल्या साधूंची आणि जागेची थोरवी सांगण्याचा. वाचक, म्हणजे खरं तर श्रोते, भक्त आणि जत्रेला आलेली माणसं. किती साधू पडले याचा जो आकडा सांगतात, त्यावर मी प्रकल्प उभा करणार नाही. अशा आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: हा पहिल्यांदा कागदावर कधी आला? त्याचं उत्तर सांगणाऱ्यानं द्यायचं असतं.

पण जागेचं वेगळं आहे. गाव म्हणतं, दहन किल्ल्याच्या पायथ्याशी इथे झालं. शत्रूचा सेनापतीही किल्ल्याच्या खडकाखाली राख पाहिल्याचं लिहितो. या दोघांनी एकमेकांचं ऐकून सांगितलेलं नाही, दोघांचे हेतू उलटे, श्रोते उलटे. तरी जुळतं. असं जुळणं मला दहा पुस्तकांतल्या एकसारख्या वाक्यांपेक्षा जास्त वजनदार वाटतं. कारण ती दहा पुस्तकं बहुधा एकमेकांवरून उतरवलेली असतात. ते कसं ओळखायचं? चूक बघून. दहाही ठिकाणी एकाच नावाचं स्पेलिंग सारखंच बिघडलेलं असेल, तर ते दहा साक्षीदार नसून एकच साक्षीदार आहे.

आता १७ आणि १८ का? यात एक खाचखळगा आहे तो आपल्या पंचांगाचा, आणि तो इंग्रजीतून शिकलेल्या मुलांना सुचत नाही. मराठी घरांत राणीची पुण्यतिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमीला धरतात. त्या काळच्या आपल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं ‘जून’ म्हटलंच नसतं, तिथी सांगितली असती. तिथी कोणत्याही वेळी सुरू होते, दुपारी, रात्री, पहाटे. पण जंत्री उघडली की एका तारखेसमोर एकच तिथी दिसते, ती सूर्योदयाला चालू असलेली. समज, सप्तमी आदल्या दिवशी संध्याकाळीच लागली आणि माणूस त्या रात्री गेला. तिथी सप्तमी, घरचे तीच सांगणार. पन्नास वर्षांनी कुणी चरित्रकार जंत्री काढतो, सप्तमीसमोर दुसऱ्या दिवसाची तारीख दिसते, तो ती लिहितो. कुणीच खोटं बोललेलं नाही आणि एक दिवस सरकला. शिवाय इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, आपला सूर्योदयाला. रात्री घडलेल्या गोष्टीत ही गफलत वेगळीच.

१८५८ ला असंच झालं असं मी छातीठोक सांगत नाही. राणी १७ ला जखमी होऊन खरोखरच १८ ला गेलेली असू शकते. पण एखादी तारीख तिथीवरून आलेली असेल आणि फरक नेमका एका दिवसाचा असेल, तर कोण बरोबर यावर भांडण्याआधी ती तारीख कशी बनली हे शोध. १८ जून लिहिणाऱ्या पुस्तकात तळटीप बघ: तिथे मूळ कागद आहे, तिथी आहे, की नुसतंच दुसरं पुस्तक?

जाता जाता, तुझ्या मोबाइलवर राणीचा ‘खरा फोटो’ आलाच असेल, हॉफमन नावाच्या इंग्रजानं १८५० साली काढलेला म्हणून. तो प्रकल्पात चिकटवू नकोस. इथे चार प्रश्नांची गरजच पडत नाही, लेखक आणि काळ एवढं पुरतं. जॉन्स्टन अँड हॉफमन हा कलकत्त्याचा स्टुडिओ निघाला तोच १८८० च्या सुमाराला, राणी जाऊन वीस वर्षं उलटल्यावर. फोटोतल्या बाई कोण असतील त्या असोत.

तुझ्या प्रकल्पात मी असं लिहीन: ‘कोटा की सराईची लढाई १७ जून १८५८ रोजी झाली. इंग्रजी वृत्तांत राणीचा मृत्यू त्याच दिवशी मानतात, पण त्यांच्यापैकी तो प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगणारा विश्वसनीय साक्षीदार मला आढळला नाही. ग्वाल्हेरात १८ जून पाळतात, तिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी.’ यातलं ‘मला आढळला नाही’ हे तू स्वतः शोधल्यावरच लिही, माझ्या सांगण्यावरून नको. माझ्याही वाक्यांना ‘प’ आणि ‘ऐ’ लावून बघ, बरीचशी ‘ऐ’ निघतील. मॅडमनी एकच तारीख लिही म्हणून आग्रह धरला तर लढाईची लिही आणि ती लढाईची आहे असं स्पष्ट म्हण.

आणि आजोबांच्या प्रतीचं प्रकाशनाचं पान बघून मला साल आणि संपादकाचं नाव कळव. जुन्या छपाईची प्रत निघाली तर विहिरीचा प्रसंग मूळ हस्तलिखितावरच्या प्रतीशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाच. एक दुपार जाईल.